राउटरचे पान उघडत नाही: पत्ता, प्रॉक्सी की सुरक्षित वळण, दोष कुठे समजावा?

घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदलण्यासाठी ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाइप केले आणि राउटरचे पान उघडलेच नाही, तर त्यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असते. टाइप केलेला पत्ता आपल्या राउटरचा नसतो, किंवा ब्राउझरची विनंती राउटरकडे न जाता प्रॉक्सीकडे जाते, किंवा साधा `http` पत्ता मध्येच `https` कडे वळवला जातो आणि तिथे अडकतो. वरवर तिन्हींचे लक्षण एकच दिसते, पण उपाय एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत. म्हणून कोणता उपाय करायचा हे ठरवण्याआधी तिन्ही शेजारी ठेवून पाहणे गरजेचे आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच आग्रहाने सांगतो. राउटरच्या मागच्या छिद्रात टाचणी घालून तो रीसेट करणे, हा या तिन्हींवरचा पहिला उपाय कधीही नव्हे. रीसेटमुळे वाय-फायचे नाव आणि पासवर्ड पुसला जातो, आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीने राउटरमध्ये भरून दिलेले युजरनेम व पासवर्डही अनेक जोडण्यांमध्ये त्याबरोबर जातात. दोष लॅपटॉपमधल्या प्रॉक्सीचा किंवा ब्राउझरच्या आठवणीचा असेल, तर तो रीसेटनंतरही जिथल्या तिथे राहतो आणि वर घरचे इंटरनेटही बंद पडते.

चुकीचा पत्ता

तिन्हींमध्ये हे कारण सर्वांत जास्त आढळते आणि तपासायलाही सर्वांत सोपे आहे. `192.168.1.1` हा सगळ्या राउटरांचा सामाईक पत्ता आहे, असा समज पक्का रुजलेला आहे. प्रत्यक्षात कुठे `192.168.0.1` असतो, कुठे `192.168.29.1`, तर कुठे `10` ने सुरू होणारा पत्ता असतो. त्यामुळे अंदाज न करता तो संगणकालाच विचारावा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढील आज्ञा द्यावी.

```
ipconfig
```

उत्तरात आपल्या वाय-फायच्या भागाखाली `Default Gateway` अशी ओळ असते आणि तिच्यासमोरचा चार आकड्यांचा पत्ता हाच आपल्या राउटरचा पत्ता होय. लिनक्सवर हेच `ip route` या आज्ञेने कळते. फोनवर जोडलेल्या वाय-फायच्या तपशिलात गेटवे किंवा राउटर या नावाखाली तो दिसतो.

चुकीच्या पत्त्याची खूण म्हणजे पान बराच वेळ फिरत राहते आणि शेवटी `ERR_CONNECTION_TIMED_OUT` असा संदेश येतो. पत्ता लिहिताना एकच्या जागी इंग्रजी एल अक्षर पडले, तर ब्राउझर त्याला पत्ता न मानता शोधयंत्राकडे पाठवतो आणि समोर शोधाचे निकाल येतात. कधी पत्ता अचूक असतो, पण आपण पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर असतो आणि तिथून राउटरचे पान मुद्दाम बंद ठेवलेले असते. अशा वेळी मुख्य वाय-फायला जोडून घेणे किंवा केबल लावणे एवढेच पुरते.

आणखी एक प्रकार जास्त फसवा आहे, कारण त्यात पान उघडते, पण ते दुसऱ्याच यंत्राचे असते. तो पुढच्या प्रसंगात येईल.

प्रॉक्सी

प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीने इंटरनेटवरून पाने आणून देणारा मध्यस्थ. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर तो बऱ्याचदा बसवलेला असतो. `192.168` ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात, म्हणजे ते फक्त त्या त्या घराच्या किंवा कार्यालयाच्या जाळ्यातच अर्थपूर्ण असतात. दूर कुठेतरी असलेल्या प्रॉक्सीला आपल्या घरातला राउटर दिसण्याची शक्यताच नसते. तो बिचारा आपल्या बाजूने तो पत्ता शोधतो आणि अपयश कळवतो.

प्रॉक्सीची खूण पत्त्याच्या खुणेपेक्षा वेगळी आहे. बाकी सगळी संकेतस्थळे नीट उघडतात, फक्त राउटर उघडत नाही, आणि समोर जे पान येते ते ब्राउझरचे नसून परक्या सर्व्हरने लिहिलेले असते. त्यावर `502` किंवा `504` असा क्रमांक असतो, किंवा हा पत्ता पाहण्याची परवानगी नाही अशी सूचना असते. त्याच वाय-फायवर फोनमधून मात्र तेच पान लगेच उघडते. ही फोनची चाचणी मला सर्वांत भरवशाची वाटते. फक्त ती करताना फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवावा.

येथे एक बारकावा नेमका पाहण्यासारखा आहे. विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये `Don't use the proxy server for local (intranet) addresses` असा चौकोन असतो. त्यावर खूण असली की घरचे पत्ते प्रॉक्सीतून वगळले गेले, असे कोणालाही वाटेल. पण तिथे स्थानिक म्हणजे ज्या नावात टिंब नाही असे नाव. `192.168.0.1` मध्ये तीन टिंबे आहेत, म्हणून ती खूण असूनही हा पत्ता प्रॉक्सीकडेच जातो. त्याच खिडकीतल्या अपवादांच्या रकान्यात `192.168.*` असे स्वतंत्रपणे लिहावे लागते आणि आधी काही लिहिलेले असेल तर मध्ये अर्धविराम द्यावा लागतो. फायरफॉक्समध्ये स्वतःची प्रॉक्सी सेटिंग वापरत असाल, तर `No proxy for` या रकान्यात `192.168.0.0/16` असे लिहिता येते.

नाशिकला बहिणीच्या घरी हे दोन्ही दोष मला एकापाठोपाठ भेटले. तिच्याकडे फायबरच्या जोडणीबरोबर आलेला एक डबा होता आणि त्याला जोडलेला तिने स्वतः घेतलेला राउटर होता. डब्यावरच्या चिकटपट्टीवर `192.168.1.1` असे छापलेले होते. तिने फोनवर तो पत्ता टाकला, लॉगिनचे पानही आले, पण तिच्या राउटरचा पासवर्ड काही केल्या चालेना. लॅपटॉपवर `ipconfig` ने गेटवे `192.168.0.1` असल्याचे सांगितले. म्हणजे फोन आणि लॅपटॉप तिच्या राउटरला जोडलेले होते आणि ती मात्र त्याच्यापलीकडच्या डब्याच्या दारात उभी राहून दुसऱ्याच घराची किल्ली फिरवत होती. मग तिने लॅपटॉपवर योग्य पत्ता टाकला, तेव्हा सुमारे अर्ध्या मिनिटाने `504` चे पान आले. लॅपटॉप कार्यालयाचा होता आणि स्थानिक पत्त्यांच्या चौकोनावर खूण आधीच होती. अपवादांमध्ये `192.168.*` लिहून सेटिंग जतन करताच राउटरचे पान क्षणात उघडले.

मात्र कार्यालयीन लॅपटॉपवर ही सेटिंग अनेकदा कुलूपबंद असते, किंवा प्रॉक्सीचे नियम एखाद्या स्क्रिप्टमधून येतात आणि मग हा रकाना निरुपयोगी ठरतो. अशा वेळी त्या सेटिंगशी झटापट करू नये. राउटरचे काम वर्षातून एखाद-दोनदा पडते, तेव्हा ते फोनवरून किंवा घरच्या दुसऱ्या संगणकावरून करावे. लॅपटॉप स्वतःचा असेल आणि प्रॉक्सी कशासाठी लावला होता हेही आठवत नसेल, तर तो सरळ बंद करावा. व्हीपीएनचेही असेच आहे. काही व्हीपीएन घरच्या जाळ्याचा रस्ताच बंद करतात, म्हणून तेवढ्यापुरते ते तोडून पाहावे.

सुरक्षित वळण

तिसरे कारण ओळखायला थोडे अवघड आहे, कारण यात पत्ता बरोबर असतो, रस्ता मोकळा असतो आणि तरीही आपण वेगळ्याच दारावर पोहोचतो. ओळखण्याची खूण पत्त्याच्या पट्टीत असते. आपण `http://192.168.0.1` लिहिलेले असते आणि एंटर दाबल्यावर तिथे `https` झालेले दिसते.

हे वळण कोणी दिले, यावर उपाय ठरतो. राउटरनेच दिले असेल, तर बहुधा `NET::ERR_CERT_AUTHORITY_INVALID` अशी ताकीद येते. राउटरचे प्रमाणपत्र त्याने स्वतःच तयार केलेले असते आणि त्याला कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेची सही नसते, एवढाच तिचा अर्थ. घरात, गेटवेचा पत्ता स्वतः तपासलेला असताना, `Advanced` वर जाऊन पुढे जाणे मला योग्य वाटते. पासवर्ड उघडा पाठवणाऱ्या `http` पेक्षा ताकीद देणारे `https` बरे. हॉटेलच्या किंवा स्थानकावरच्या वाय-फायवर मात्र अशी ताकीद कधीही ओलांडू नये.

`ERR_SSL_VERSION_OR_CIPHER_MISMATCH` असा संदेश आला, तर अनेकदा राउटर जुना असतो. २०२० मध्ये प्रमुख ब्राउझरांनी टीएलएस १.० आणि १.१ या `https` च्या जुन्या पद्धती बंद केल्या, आणि काही राउटरांना त्यापुढचे काही येतच नाही. अशा वेळी जुना ब्राउझर शोधून बसवण्यापेक्षा राउटरचे मोबाइल अ‍ॅप असल्यास ते वापरावे, फर्मवेअर अद्ययावत करावे आणि तेही उपलब्ध नसेल तर राउटर बदलण्याचा विचार करावा.

वळण ब्राउझरच्या आठवणीतूनही येऊ शकते. माझ्या राउटरवर मी काही काळ `https` सुरू ठेवले होते आणि नंतर ते बंद केले. त्यानंतर क्रोममध्ये साधा पत्ता टाकला तरी तो `https` कडेच जाई आणि `ERR_CONNECTION_REFUSED` दाखवी. राउटरने पूर्वी दिलेले `301`, म्हणजे कायमस्वरूपी वळणाचे उत्तर, ब्राउझरने जपून ठेवले होते. खासगी खिडकीत पान तत्काळ उघडले, आणि साठवलेल्या फाइली पुसल्यावर नेहमीच्या खिडकीतही उघडू लागले. एचएसटीएस नावाचा, ब्राउझरला `https` च वापरायला लावणारा सक्तीचा नियम येथे कारण असू शकत नव्हता, कारण तो आकडी पत्त्यांना लागू होत नाही. राउटर नावाने उघडत असाल, तर मात्र तोही अडसर ठरू शकतो. तेव्हा नावाऐवजी आकडी पत्ता वापरून पाहावा.

एका आज्ञेने निवाडा

खुणांवरून उलगडा होत नसेल, तर पुढील आज्ञा तिन्ही कारणे वेगळी करून दाखवते. पत्ता अर्थातच आपल्या गेटवेचा घालावा.

```
curl -v --noproxy "*" http://192.168.0.1/
```

ही आज्ञा प्रॉक्सी टाळून थेट राउटरकडे जाते, वळण आले तरी त्यामागे धावत नाही आणि ब्राउझरची जुनी आठवण तिला नसते. ती ताटकळून निष्फळ ठरली, तर पत्ता किंवा जोडणी तपासावी. `200` आणि पानाचा मजकूर आला, तर राउटर निर्दोष आहे आणि दोष प्रॉक्सीचा किंवा ब्राउझरचा आहे; त्या दोघांतला निवाडा खासगी खिडकी करते, कारण प्रॉक्सी तिथेही आडवा येतो, पण जपून ठेवलेले वळण येत नाही. उत्तरात `301` किंवा `302` असेल, तर `Location` ही ओळ वाचावी. तिथे `https` दिसले तर वळण राउटरचेच आहे. तिथे केवळ लॉगिनच्या पानाचा साधा `http` पत्ता असेल, तर ते नेहमीचेच वळण असून त्यात काही बिघडलेले नाही.