फक्त हाऊस ऑफ क्वालिटी पुरे, की पूर्ण क्यूएफडी करायचं?

हे दोन्ही एकच असं बरेच जण धरून चालतात, पण तसं नाहीये. क्वालिटी फंक्शन डिप्लॉयमेंट म्हणजे क्यूएफडी ही ग्राहकाच्या मागण्या डिझाइनपासून उत्पादनापर्यंत उतरवायची पूर्ण पद्धत, १९६० च्या दशकात जपानमध्ये योजी अकाओ वगैरेंनी सुरू केलेली. तिच्या प्रचलित चार टप्प्यांच्या रूपात हाऊस ऑफ क्वालिटी हा पहिला तक्ता. पुढे पार्टचा, प्रोसेसचा आणि प्रॉडक्शन कंट्रोलचा असे अजून तीन तक्ते येतात आणि प्रत्येक तक्त्याचे कॉलम पुढच्याच्या ओळी होतात. म्हणजे ठरवायचंय ते एवढंच, की पहिल्या घरात थांबायचं की खाली उतरायचं.

गरम पेयाची थर्मॉस बाटली घेऊ. डावीकडे ग्राहकाच्या मागण्या त्याच्याच शब्दांत, कंसात ५ पैकी महत्त्व, आणि वरती आपण मोजू शकतो अशा गोष्टी. नातं घट्ट असेल तर ९, मध्यम ३, पुसट १.

| मागणी | ६ तासांनंतरचं तापमान | झाकण उघडायचा टॉर्क | उलटी ठेवल्यावर गळती | रिकामं वजन |
|---|---|---|---|---|
| गरम राहावं (५) | ९ | | १ | |
| बॅगेत गळू नये (५) | | ३ | ९ | |
| सहज उघडावी (३) | | ९ | | |
| हलकी असावी (२) | | | | ९ |
| बेरीज | ४५ | ४२ | ५० | १८ |

टॉर्कचंच बघा, ५ गुणिले ३ म्हणजे १५, ३ गुणिले ९ म्हणजे २७, मिळून ४२. वरच्या कॉलममध्ये लोक हमखास "जाड रबर सील" असं लिहून टाकतात, ते स्पेसिफिकेशन नाही, ते उत्तर आहे. तिथे किती मिलिलिटर गळलं हेच हवं, नाहीतर सीलशिवाय दुसरा कुठला उपाय असू शकतो हा विचारच बंद होतो.

आता छप्पर, म्हणजे कॉलमचं एकमेकांशी नातं. झाकण घट्ट आवळलं जाईल असं केलं की गळती थांबते पण टॉर्क वाढतो, आणि नेमकी या दोन्ही कॉलमची बेरीज मोठी आहे. माझ्या मते पहिल्या घराची खरी कमाई ही भांडणाची जागा, बेरीज नव्हे. कारण बेरजेवर फार भरवसा ठेवता येत नाही: "सहज उघडावी" ला ३ ऐवजी ४ दिले की टॉर्क ५१ होऊन पहिला येतो, आणि ९-३-१ ऐवजी ५-३-१ वापरलं तर टॉर्क आणि गळती ३०-३० वर बरोबरीत येतात आणि तापमान २५ वर घसरतं, ग्राहक तोच, त्याची गरजही तीच. म्हणून एकेक आकडा थोडा हलवून बघायचाच, क्रम टिकला तरच त्यावरून निर्णय घ्यायचा. एखादी ओळ पूर्ण रिकामी राहिली तर ती मागणी आपण मोजतच नाही आहोत, कॉलम रिकामा राहिला तर तो खर्च नक्की कुणासाठी हे विचारा.

पहिल्या घराची मर्यादा मात्र स्पष्ट आहे. "गळती शून्य, टॉर्क समजा १ न्यूटन-मीटरच्या आत" इथपर्यंत ते आणून सोडतं, वर्कशॉपमधल्या माणसाने सोमवारी सकाळी काय बदलायचं हे सांगत नाही. दुसऱ्या घरात गळती आणि टॉर्क ओळी होतात आणि वर सीलची जाडी, रबराचा कडकपणा, झाकणाच्या आट्यांचा पिच येतो. तिसऱ्यात रबराचा कडकपणा ज्यावर ठरतो ते मोल्डिंगचं तापमान आणि क्युरिंगची वेळ, चौथ्यात ते कोण, किती वेळाने, कशाने तपासणार. आता बॅगेत गळती झाली अशी तक्रार आली तर थेट क्युरिंगच्या वेळेपर्यंत मागे जाता येतं, ही ताकद पहिल्या घरात नाही.

पण किंमत मोजावी लागते. ३० मागण्या आणि ४० कॉलम म्हणजे एकाच घरात १२०० चौकोन, प्रत्येकावर चर्चा, आणि दुपारनंतर लोक दमून सगळीकडे ३ भरायला लागतात. निम्म्याहून जास्त चौकोन भरलेले दिसले तर मी तो तक्ता परत करायला लावेन.

तर प्रॉडक्टची कल्पना अजून हलतेय, ग्राहकाला काय हवंय यावरच मार्केटिंग आणि डिझाइनचं जमत नाहीये, किंवा पार्ट बाहेरून तयारच घेताय, तर पहिलं घर पुरे, तेही १०-१२ ओळींचं. पार्ट स्वतः बनवताय, डिझाइन बऱ्यापैकी ठरलंय आणि मोठ्या संख्येने काढायचंय तर खाली उतरा, पण सगळे कॉलम घेऊन नको. छपरात भांडणारे आणि बेरजेत वर असलेले तेवढेच, इथे गळती आणि टॉर्क, खाली न्या. वजन पहिल्याच घरात राहू दे.