साठा संपला, जाहिरात चालू: रोजची फीड, पानावरची नोंद की एपीआय?

कोल्हापुरी चपलांचं एक दुकान डोळ्यांसमोर आणू. ६० डिझाइन्स, प्रत्येकाची ७ मापं, म्हणजे जाहिरातीसाठी माल जिथे नोंदवतात त्या गूगलच्या मर्चंट सेंटरला ४२० वेगळे आयडी. माल वेबसाइटवरही विकतो आणि काउंटरवरही. सकाळी ११ वाजता एका डिझाइनचं ८ नंबरचं माप संपलं. फीड, म्हणजे गूगलला जाणारी मालाची यादी, उचलली जाणार रात्री ३ वाजता. मधले १६ तास त्या मापाची जाहिरात चालूच राहते.

त्या वेळात २८ क्लिक आले आणि क्लिकला ७ रुपये पडले, तर १९६ रुपये गेले. दिवाळीच्या दिवसांत रोज अशी सहा मापं संपत असतील, तर दिवसाला १,१७६ आणि २० दिवसांत २३,५२० रुपये. हे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, पण पद्धत हीच. काही गिऱ्हाइकं दुसरं डिझाइन घेतात, त्यामुळे सगळेच पैसे वाया जातात असं नाही. पण ८ नंबरचा पाय ९ नंबरची चप्पल घेत नाही.

शिवाय फीडमध्ये `in_stock` आणि पानावर ‘उपलब्ध नाही’ असा फरक गूगलला दिसला, तर तो आयडी नामंजूर होऊ शकतो. असे बरेच आयडी झाले की इशारा थेट खात्यावर येतो.

गूगलला साठा कळवायचे तीन मार्ग शेजारी शेजारी ठेवले तर असे दिसतात:

| मार्ग | माहिती किती शिळी होते | तुमच्याकडे काय हवं |
|---|---|---|
| रोजची फीड फाइल | जवळपास २४ तासांपर्यंत | निर्यात करता येणारी स्टॉकची यादी |
| पानावरून आपोआप दुरुस्ती | वेळ गूगलच्या हातात | पानावर नेमकी संरचित नोंद |
| एपीआय, म्हणजे गूगलशी थेट संगणकी जोडणी, किंवा त्यावर चालणारं अ‍ॅप | साधारण काही मिनिटं | डेव्हलपर, आणि काउंटरचा ताजा साठा |

रोजची फीड सगळ्यात सोपी आणि लहान दुकानाला बहुतेक वेळा पुरेशी. तिची वेळ मात्र विचार करून ठरवा. काउंटरचा हिशेब रात्री १० ला चढत असेल आणि फीड संध्याकाळी ७ ला उचलली जात असेल, तर गूगलकडे आदल्या रात्रीचा साठा जातो.

माहिती शिळी होणारच असेल, तर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे राखीव साठा: दोनच जोड उरले की फीडमध्ये `out_of_stock` लिहून टाकायचं. इथेच बरेच जण फसतात. पानावर तो जोड अजून विकत घेता येतो, म्हणजे फीड आणि पान यांत फरक तुम्हीच तयार केलात. आपोआप दुरुस्तीची सोय चालू असेल, तर गूगल पान वाचून ती नोंद परत `in_stock` करू शकतं. मग राखीव साठ्याचा उपयोगच उरत नाही.

त्यापेक्षा `availability` खरीच ठेवा आणि फक्त जाहिरात थांबवा. थोड्या दिवसांसाठी `pause` या रकान्यात `ads` लिहा. ही सोय १४ दिवसांपुरतीच आहे. जास्त काळ थांबवायचं असेल, तर `custom_label_0` मध्ये ‘कमी साठा’ अशी खूण द्या आणि मोहिमेतून ती खूण वगळा. मोफत लिस्टिंग चालू राहते, त्यामुळे शेवटचे दोन जोड क्लिकचे पैसे न देताही जाऊ शकतात. किती जोड उरले की जाहिरात थांबवायची, तो राखीव आकडा सगळ्या मालाला सारखा नको. दोन फीडच्या मध्ये ते माप सहसा जितकं विकलं जातं, तितका ठेवा. ८ नंबरला तीन, ५ नंबरला शून्य.

संपलेला माल फीडमधून काढून टाकायची घाई करू नका. तो `out_of_stock` म्हणून राहिला तरी जाहिरात थांबते. काढून टाकला, तर माल परत आल्यावर तो आयडी नव्याने तपासला जातो, आणि तो वेळ नेमका विक्रीचा असतो.

पानावरून आपोआप दुरुस्ती मर्चंट सेंटरमध्ये `Automatic item updates` या नावाने दिसते. गूगलचा क्रॉलर उत्पादनाचं पान वाचतो आणि किंमत व उपलब्धता जुळवून घेतो. फुकट आहे, चालू ठेवावीच. पण फीडच्या चुका झाकण्यासाठी आहे, फीडच्या जागी नाही. क्रॉलर कधी येईल हे तुम्ही ठरवत नाही.

तो वाचतो ती नोंद अशी असते:

```json
"offers": {
  "@type": "Offer",
  "sku": "KC-214-8",
  "price": "1450",
  "priceCurrency": "INR",
  "availability": "https://schema.org/OutOfStock"
}
```

आपल्या दुकानात ती बिघडते मापांमुळे. जाहिरातीची लिंक ८ नंबरची, पण पान उघडल्यावर आधीच निवडलेलं असतं ६ नंबर आणि नोंदही ६ ची. मग संपलेलं ८ उपलब्ध दिसतं. म्हणून प्रत्येक आयडीच्या लिंकमध्ये मापाचा पॅरामीटर हवा आणि त्या लिंकवर त्याच मापाची नोंद यायला हवी. दुसरं कारण जावास्क्रिप्ट. नोंद पान उघडल्यानंतर ब्राउझरमध्ये तयार होत असेल, तर क्रॉलरच्या फेऱ्या कमी आणि कमी भरवशाच्या होतात. तपासायला ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडा (इन्स्पेक्ट नव्हे, कारण तिथे जावास्क्रिप्ट चालून गेलेली असते) आणि `availability` शोधा. सापडलं नाही, तर या मार्गावर फार विसंबू नका. सापडलं पण जुनं आहे, तर पानाचा कॅश तपासा.

एपीआय सगळ्यात ताजी माहिती देतं. विक्री झाली की त्या एका आयडीची नोंद मर्चंट एपीआयमधून जाते. तयार ई-कॉमर्स व्यासपीठावर असाल, तर त्यांचं अ‍ॅप हे काम बहुधा करतंच, आधी ते पाहा. स्वतः बांधलंत, तर जोडणी कधीतरी तुटणार हे धरून चाला. लॉगिनची मुदत संपते, कुणाला कळत नाही, आणि जुनं `in_stock` तसंच बसून राहतं. ताज्या नोंदी न मिळालेलं उत्पादन ३० दिवसांनी कालबाह्य होतं, तोवर खर्च चालूच. म्हणून रोज रात्री पूर्ण यादी ताडून पाहणारं काम सोबत हवं. नोंदी पुरवणी डेटा स्रोतातून पाठवत असाल, तर आणखी एक अडचण: त्यातली नोंद मुख्य फाइलवर मात करते. माल परत आल्यावर पुरवणीतही `in_stock` पाठवावं लागतं, नाहीतर भरलेल्या कपाटाची जाहिरात बंद राहते.

आणि एपीआयला दिसतो फक्त संगणकातला साठा. काउंटरवरची विक्री वहीत लिहून रात्री चढवत असाल, तर एपीआय मिनिटामिनिटाला दहा तासांपूर्वीचा साठा कळवत राहील. अशा दुकानाने आधी काउंटरवर बारकोडचं बिलिंग आणावं, मगच डेव्हलपर बोलवावा.

निवडण्याआधी एक आठवडा मोजा. संपलेल्या मापाचं पान जाहिरातीतून उघडलं की अ‍ॅनालिटिक्सला एक इव्हेंट पाठवायचा. त्यांची संख्या गुणिले सरासरी क्लिकचा दर. वरच्या दुकानात एरवी रोज एकच माप संपत असेल, तर ३० दिवसांचे ५,८८० रुपये होतात. त्यातला बराच भाग फीडची वेळ आणि `pause` यांनीच वाचेल, त्यासाठी डेव्हलपरला दरमहा पैसे देणं मला पटत नाही. दिवाळीचे २० दिवस वेगळे. तेवढ्यासाठी एपीआयवर चालणारं अ‍ॅप घ्या, पण सणाच्या महिनाभर आधी जोडा, म्हणजे आयडी न जुळण्याचे घोटाळे गर्दीच्या आधी निस्तरता येतील.

जोडल्यावर गर्दीच्या दिवशी संध्याकाळी पाचला वीस आयडी निवडा आणि तीन गोष्टी शेजारी लिहा: कपाटात किती जोड, पानावर काय, मर्चंट सेंटरमध्ये काय. कपाट आणि पान जुळत नसेल, तर दोष बिलिंगचा. पान आणि मर्चंट सेंटर जुळत नसेल, तर दोष फीडचा किंवा जोडणीचा.