हातमागाचा की मशीनचा? गालिचाचे फोटो बघताना

विकणारे बहुतेक वेळा गालिचाच्या पुढच्या बाजूचाच फोटो टाकतात. मी आधी मागची बाजू मागतो, कोपरा उलटा करून, अगदी जवळून.

हाताने गाठी मारलेल्या गालिचाची नक्षी मागेही जवळपास पुढच्याइतकीच स्पष्ट दिसते. गाठींचे बारीक उंचवटे सारख्या मापाचे नसतात. एखादी ओळ किंचित वाकते, एखादी गाठ जाड होते. मशीनच्या गालिचामागे रांगा पट्टीने आखल्यासारख्या असतात आणि रंगांमधून एकाच जाडीचे फिकट आडवे धागे सरळ जातात. मागे कापड चिकटवलेलं असेल तर गाठी शोधूच नका. तो बहुधा टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात धागे टोचून केलेला माल असतो.

झालरीचं थोडं वेगळं आहे. हातमागावर झालर म्हणजे गालिचाचे उभे ताणेच, विणकामातून थेट बाहेर आलेले. मशीनच्या मालात ती बऱ्याचदा पट्टीसारखी शिवलेली असते आणि झूम केलं की टाके दिसतात. पण जुन्या हातविणीच्या गालिचाची झिजलेली झालर बदलून नवी शिवतात, आणि काही मशीनच्या गालिचांची झालरही ताण्यांचीच असते. त्यामुळे एकट्या झालरीवर मी निकाल देत नाही.

मग मी डाव्या-उजव्या किनारीतलं एकच फूल शेजारी ठेवून बघतो. हातविणीत एका फुलाची पाकळी गाठभर रुंद निघते, कोपऱ्यात नक्षी थोडी दाबली जाते. मशीनमध्ये दोन्ही फुलं शिक्का मारल्यासारखी. फोटो तिरका असेल तर मात्र ही तुलना फसते, म्हणून सरळ वरून काढलेला मागवा.