कारणे दाखवा नोटीस: माफीचा खुलासा, रागाचा खुलासा की मुद्देसूद?

समजा, जिल्हा पातळीवरच्या सरकारी कार्यालयातल्या लिपिक बाईंना नोटीस आली: 3 मे रोजी आवक झालेले पत्र 24 मेपर्यंत प्रलंबित ठेवून आपण निष्काळजीपणा केला, सात दिवसांत खुलासा करा. प्रत्यक्षात त्या 4 ते 15 मे मंजूर रजेवर होत्या. पत्र त्यांच्या हाती आले 16 तारखेला, 17 ला त्यांनी टिपणी सादर केली, ती मान्य होऊन परत आली 24 ला, आणि उत्तर त्याच दिवशी रवाना झाले.

सहकारी सांगतात, "अनवधानाने विलंब झाला, क्षमस्व, एवढं लिहून टाका, विषय मिटेल." कधीकधी मिटतोही. पण ते वाक्य फाईलला लागते. पुढे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 च्या नियम 10 खाली ठपक्याचा किंवा वेतनवाढ रोखण्याचा प्रस्ताव आला, तर "कर्मचाऱ्याने विलंब मान्य केला आहे" असा पहिला आधार तिथेच मिळतो. न केलेल्या चुकीसाठी माफीचा खुलासा मी कुणालाही लिहू देणार नाही.

दुसरा मोह रागाचा: "फाईल सात दिवस साहेबांच्याच टेबलावर पडून होती." गोष्ट खरी आहे, पण या वाक्याने बाई आरोप करणाऱ्या झाल्या आणि मूळ प्रश्न बाजूला पडला. तीच गोष्ट मुद्देसूद खुलाशात अशी येते:

"दि. 4 ते 15 मे या कालावधीत मी मंजूर रजेवर होते (रजा मंजुरी आदेश, सहपत्र 1). सदर पत्र मला दि. 16 मे रोजी प्राप्त झाले (टपाल बटवडा नोंदवही, सहपत्र 2). दि. 17 मे रोजी टिपणी सादर केली व दि. 24 मे रोजी ती मान्य होऊन परत आली (फाईल हालचाल नोंदवही, सहपत्र 3). त्याच दिवशी उत्तर रवाना केले. सबब निष्काळजीपणाचा आरोप मला मान्य नाही."

यात कुणावर बोट नाही, तरी सात दिवस कुठे गेले ते तारखाच सांगतात. शेवटचे वाक्य मात्र गाळू नका. नुसता घटनाक्रम दिला तर आरोप नाकारला की नाही, हे वाचणाऱ्यावर सोपवल्यासारखे होते.

काहीजण न्यायनिवाडे जोडतात. कार्यक्षमतेतली उणीव म्हणजे आपोआप गैरवर्तन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये जे. अहमद प्रकरणात म्हटले आहे. पण या बाईंनी ते लिहिले तर उणीव होती, असा अर्थ निघतो. तारखा बाजूने असताना तो मुद्दा राखून ठेवावा.

नोटिशीत पत्राचा क्रमांकच नसेल किंवा नोंदवह्या पाहू देत नसतील, तर मुद्देसूद खुलासाही घाईने लिहू नये. मुदत संपण्याआधी एक अर्ज द्यावा: आरोप अमान्य आहे, अमुक नोंदींच्या प्रती मिळाव्यात, मिळाल्यापासून सात दिवसांची मुदत मिळावी. मुदतवाढ लेखी मिळेपर्यंत मात्र जुनीच तारीख धरून चालावे आणि त्या दिवशी हाती असेल तेवढ्यावर खुलासा द्यावा. अर्ज असो वा खुलासा, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊनच टेबल सोडावे.