चलनावरच्या सहीऐवजी ओटीपी आणि फोटो: द्राक्षाच्या एका हंगामाचा अनुभव

आमचं नाशिकमध्ये दिंडोरी रोडला ठिबक आणि मोटारीच्या सामानाचं दुकान आहे. माल छोट्या हत्तीतून मखमलाबाद, मातोरी, मुंगसरे, गिरणारे या पट्ट्यातल्या मळ्यांवर पोचवतो. थोडा माल शहरातही जातो. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास मालाची घाई असते आणि बरीचशी बिलं द्राक्षं निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये फिटतात. त्यामुळे माल पोचल्याचा पुरावा आम्हाला चार-पाच महिन्यांनी लागतो. चलनावरची सही तोवर कुणाची हे खुद्द शेतकऱ्यालाही ओळखू येत नाही, कारण ती कधी सालदाराची असते, कधी वडिलांची. म्हणून छाटणीच्या आधी ड्रायव्हरच्या फोनवर डिलिव्हरीचं ॲप घेतलं. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चार आकडी कोड जातो, ड्रायव्हर तो विचारून ॲपमध्ये टाकतो. शिवाय फोटोची सोय आहे. पूर्ण हंगाम वापरल्यानंतर लिहितोय. अशी ॲप बऱ्याच कंपन्यांची असली तरी काम साधारण याच पद्धतीनं चालतं.

शहरात ओटीपी चोख चालला. इंदिरानगर किंवा गंगापूर रोडला गिऱ्हाईक स्वतः दारात असतं, एसएमएस पाहून कोड सांगतं, काम झालं. एकदाच मोठी अडचण आली. एसएमएस जाणंच बंद पडलं. व्यावसायिक एसएमएसचा मजकूर ट्रायच्या नियमाप्रमाणे मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर नोंदवलेला असावा लागतो आणि पाठवलेला मजकूर त्या नोंदीशी जुळला नाही तर मोबाइल कंपनी तो पुढे जाऊ देत नाही. ॲपवाल्यांनी मजकुरात दोन शब्द बदलले होते आणि नवा मजकूर नोंदवलेला नव्हता. कोड कुणालाच मिळत नसेल तर रेंजला दोष देण्याआधी हे तपासून घ्यावं.

मळ्यावर गोष्ट वेगळी आहे. मोबाइल नंबर मालकाचा असतो आणि मालक त्या वेळी मार्केटला, नाहीतर बँकेत. माल उतरवून घेतो सालदार. मग मालक फोनवरच कोड सांगतो. त्यातून एवढंच कळतं की मालक माल घ्यायला राजी होता. माल त्याच्या मळ्यावर उतरला की नाही, हे कोडला माहीत नसतं.

नोव्हेंबरमधलं एक प्रकरण सांगतो. मातोरीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, ‘शेठ, फिल्टर आलाच नाही.’ ॲपमध्ये हिरव्या अक्षरात डिलिव्हरी झाल्याचं दिसत होतं, कोडही बरोबर. नोंद उघडून पाहिली तर कोड टाकल्याचं ठिकाण मखमलाबाद गावातलं निघालं, मळ्यापासून कितीतरी अलीकडे. मळ्यावर रेंज येत नाही म्हणून ड्रायव्हरनं वाटेतच फोन करून कोड घेऊन ठेवला होता. पुढे त्यानं माल शेजारच्या शेडमध्ये उतरवला. दोन्ही मळे भावाभावांचे, आडनाव एकच, गट नंबरही एकच. फिल्टर संध्याकाळी सापडला. पण त्या दिवसापासून मी हिरवी खूण पाहून थांबत नाही. कोड कुठे टाकला आणि पत्ता कुठे, यातलं अंतर आधी पाहतो. थोड्या वेळात एकाच जागेवरून दोन-तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे कोड पडले असतील, तर ते वाटेत बसून घेतलेले असतात.

ॲपमध्ये एक सेटिंग आहे. पत्त्यापासून ठरावीक अंतरात गेल्याशिवाय कोडची खिडकी उघडतच नाही. आम्ही ते १५० मीटर ठेवलं, पण लगेच उपयोग झाला नाही. ‘गट नंबर अमुक, कॅनॉलच्या पुढे, बाभळीजवळ’ असा पत्ता नकाशाला कळत नाही. तो खूण टाकतो गावाच्या मध्यावर. मग ड्रायव्हरनं पहिल्या खेपेला प्रत्येक मळ्यावर उभं राहून ठिकाण साठवलं. यात महिना गेला. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी हंगामाच्या आधी, निवांत दिवसांत करावं.

रेंज नसली तरी ठिकाण मिळतं, कारण जीपीएसला इंटरनेट लागत नाही. उघड्या आभाळाखाली थोडं थांबावं लागतं इतकंच. ठिकाणाशेजारी अचूकतेचा आकडा असतो, तोही पाहावा. १०-१५ मीटर असेल तर विश्वास ठेवावा. ८००-९०० मीटर असेल तर ते बहुधा टॉवरवरून काढलेलं ठिकाण असतं आणि पुरावा म्हणून त्याला किंमत नाही. रेंज नसताना टाकलेला कोड मात्र आमच्या ॲपमध्ये तसाच साठून राहतो आणि बरोबर की चूक हे गाडी म्हसरूळला परत आल्यावर कळतं. म्हणून कोड घेतल्याची वेळ आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ, दोन्ही दाखवणारं ॲपच घ्यावं. पहिली वेळ फोनच्या घड्याळाची असते आणि ते घड्याळ बदलता येतं. दुसरी वेळ बदलता येत नाही.

मळ्यावर खरा उपयोग झाला तो फोटोचा, पण तो कसा काढायचा हे ठरवल्यावर. आमचा नेहमीचा वाद नगांचा असतो. १६ मिमी लॅटरलची बारा बंडलं पाठवली, शेतकरी म्हणतो दहाच आली. सुरुवातीच्या एका फोटोत बंडलं एकावर एक रचलेली होती, पुढची तेवढी दिसत होती, मागची मोजता येत नव्हती. त्या गिऱ्हाइकाला दोन बंडलांचे पैसे सोडले. नंतर नियम केला. बंडलं जमिनीवर एका ओळीत मांडायची आणि चलन पहिल्या बंडलावर ठेवायचं. पहिला फोटो लांबून, ज्यात सगळे नग आणि मागे शेड किंवा स्टार्टरची पेटी दिसेल. दुसरा जवळून, चलन नंबर वाचता येईल असा. माणसांचे चेहरे घ्यायचे नाहीत, बायका-मुलं असतील तर त्यांना बाजूला व्हायला वेळ द्यायचा. मार्चमध्ये मुंगसऱ्याच्या एका काकांनी अशीच दोन बंडलं कमी सांगितली. मी फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी स्वतः बोट ठेवून बारा मोजली, मागची आपली विहीर ओळखली आणि मग त्यांना आठवलं की दोन बंडलं भावाच्या प्लॉटला गेली होती. तेव्हा कोड दाखवून काही झालं नसतं, कारण कोडमध्ये नग नसतात.

फोटो ॲपच्याच कॅमेऱ्यातून निघाला पाहिजे, गॅलरीतून घ्यायची मुभा बंद ठेवावी. पूर्वी आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो मागवायचो. तिथे फोटो लहान होतो आणि त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते, मग तो कधीचा आणि कुठला हे सिद्ध करता येत नाही.

माझी मोठी तक्रार साठवणुकीची आहे. आमच्या प्लॅनमध्ये फोटो ९० दिवसच राहतात. नोव्हेंबरचा फोटो मार्चमध्ये ॲपवर नव्हताच. मुंगसऱ्याचा फोटो हाती होता तो दर महिन्याला सगळं उतरवून चलन नंबरच्या नावानं ठेवत होतो म्हणून. उधारीवर माल देणाऱ्यांनी प्लॅन घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा. कोडचा एसएमएस किती पैशांना पडतो हे त्यानंतर.

आता खरड छाटणीचा माल जायला लागला आहे. मळ्यावर दोन फोटो सक्तीचे केले आहेत आणि मोठ्या बिलाला सोबत ओटीपी. शहरात नुसता ओटीपी ठेवला आहे.