कान बरे करणाऱ्या गोळ्यांवर गेलेले 24,949 रुपये

मोबाइलवर दिसणाऱ्या "कानातील शिट्टी कायमची बंद, ऐकू येणे पूर्ववत" या जाहिरातीवरून आम्ही तीन वेळा पैसे भरले: पहिल्यांदा 2,499 रुपये, मग 7,850 आणि शेवटी 14,600. नागपुरात आमच्याच ओळखीतल्या आणखी दोन घरांत ह्याच बाटल्या पोचल्याचे कळल्यावर लिहायला बसले आहे.

माझ्या यजमानांनी उभे आयुष्य छापखान्यात, यंत्रांच्या शेजारी काढले. दोन्ही कानांत सतत बारीक शिट्टी वाजते आणि चारचौघांतले बोलणे नीट कळत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची चाचणी करून स्पष्ट सांगितले होते की आवाजामुळे आतल्या कानाच्या पेशींची झीज झाली आहे, ती औषधाने भरून येणार नाही, श्रवणयंत्र लावून पाहा. यंत्राची किंमत ऐकून आम्ही थांबलो. रात्र-रात्र झोप नसलेला माणूस घरात असताना कोणी गोळ्यांनी बरे करतो म्हटले, तर घरचे ऐकणारच. याला भोळेपणा म्हणणाऱ्यांनी आधी एक रात्र त्या खोलीत काढावी. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवले आहे.

पहिल्या बाटलीनंतर शिट्टी कमी झाल्यासारखी वाटली, आणि आमचा विश्वास बसला तो तेव्हाच. हा आवाज मुळातच कमी-जास्त होत असतो, आणि माणूस औषध घेतो ते तो सर्वांत जास्त छळत असताना, त्यामुळे पुढचे काही दिवस बहुधा बरेच जातात, हे मला नंतर समजले. जाहिरातीतले "मला फरक पडला" म्हणणारे सगळेच खोटे असतील असे नाही, पण तो फरक गोळीचा आहे हे त्यावरून ठरत नाही.

आता ज्या क्षणी फोन ठेवायला हवा होता, त्याविषयी. दुसऱ्या खेपेच्या आधी कंपनीच्या "डॉक्टरांनी" ऑडिओग्राम, म्हणजे त्या चाचणीचा आलेख, मागितला आणि मी त्याचा फोटो पाठवला. त्या आलेखावर उजवा कान लाल गोलाने आणि डावा निळ्या फुलीने दाखवतात. यजमानांची निळी रेषा 4000 हर्ट्झपाशी खोल खाली गेलेली होती, लाल त्या मानाने बरी होती, म्हणजे जास्त बिघडलेला कान डावा. एका मिनिटात उत्तर आले, "मॅडम, बाबूजी के राइट कान की नस सूख गई है, तीन महिने में अस्सी परसेंट रिकव्हरी." उजवा कान! जो रोज असे आलेख पाहतो, त्याची डाव्या-उजव्याची गफलत होणार नाही. मला ते खटकले, मी विचारलेही, आणि "फोटो आडवा आला होता" हे त्याचे उत्तर मी मान्य केले. त्या एका उत्तराने आमचे 22,450 रुपये नेले. शिवाय नस सुकणे हे निदानच नाही. आपल्या आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या केसासारख्या सूक्ष्म पेशी असतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात एकदा मेल्या की उगवत नाहीत. कोणतीही मुळी, भस्म किंवा जीवनसत्त्व त्या परत आणते असे आजवर कोणी दाखवून दिलेले नाही.

बाटलीवर "हर्बल मिश्रण 500 मिलिग्रॅम" असे होते. कोणता घटक किती, ते नाही. त्यातले मुख्य नाव गिंको बायलोबा, म्हणजे मूळचे चिनी झाड, तरी जाहिरातीत "ऋषिमुनींचा नुस्खा". याच गिंकोची इंग्लंडमध्ये मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. कानात आवाज येणाऱ्या हजाराहून अधिक लोकांपैकी काहींना 12 आठवडे रोज 150 मिलिग्रॅम गिंको आणि काहींना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या निर्गुण गोळ्या दिल्या. त्रास कमी झाला असे सांगणारे गिंकोच्या गटात 360 पैकी 34 निघाले आणि निर्गुण गोळीच्या गटात 360 पैकी 35. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत गिंको, मेलाटोनिन, जस्त आणि इतर पूरक आहार यासाठी सुचवू नयेत असेच म्हटले आहे. श्रवणयंत्राची तपासणी आणि त्या आवाजाकडे पाहण्याची मनाची सवय बदलणारी समुपदेशनाची पद्धत मात्र सुचवली आहे. तिने आवाज जात नाही, पण त्याचा जाच कमी होतो.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट अशी की यजमान हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात. दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी बाटली वाचून ती त्याच क्षणी बंद करायला लावली, कारण गिंकोने अशा गोळीसोबत रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. रक्त त्यामुळेच आले असे ते ठामपणे म्हणाले नाहीत. पण फोनवरच्या माणसाने दुसरी औषधे कोणती चालू आहेत, हे एकदाही विचारले नव्हते. तुम्हाला कोणी ते न विचारता गोळी देत असेल, तर घेऊ नका.

"फरक न पडल्यास पैसे परत" ही अट फक्त सील न उघडलेल्या बाटलीसाठी होती. गोळ्या न खाता फरक कसा पडणार?

तक्रारीचे काय झाले तेही ऐका. पोलीस ठाण्यात सांगितले की माल घरी पोचला, पैसे तुम्ही स्वखुशीने भरले, ही फसवणूक होत नाही, ग्राहक मंचात जा. औषधांच्या कार्यालयात बाटली पाहून म्हणाले की हिच्यावर अन्नाचा परवाना आहे, हे आमच्याकडे येत नाही. अन्नाच्या टेबलावर सांगितले की दावा आजार बरा करण्याचा आहे, म्हणजे हे औषध झाले, तिकडे जा. एकाच आवारात मला इकडून तिकडे फिरवले, आणि पोच मागितली तर "साहेब दौऱ्यावर आहेत". मी त्यांच्यापुढे 1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा ठेवला. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करताच येत नाही, त्यांच्या यादीत बहिरेपणाचे नाव आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. समोरच्या कर्मचाऱ्याने तो कागद वाचलासुद्धा नाही. जाहिरात बेकायदा, लेबलावर इंग्रजीत ठळक "नॉट फॉर मेडिसिनल यूज", फोनवर मात्र ऐंशी टक्के बरे करण्याची हमी, आणि हे तिन्ही पुरावे टेबलावर ठेवूनही ते कोणाचे काम नाही, हे ऐकून माझा संताप आजही शमलेला नाही.

म्हणून लेबल आधी वाचा. कॉल रेकॉर्ड करा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या, कारण आमची जाहिरात तक्रारीनंतर आठवडाभरात गायब झाली आणि तेच अनुभव सांगणारे चेहरे नव्या नावाच्या बाटलीखाली आले. ऑनलाइन पैसे भरले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा. मी फोन उशिरा केला आणि रक्कम तोवर पुढे गेली होती. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

आणि ऐकू येणे अचानक, एक-दोन दिवसांत कमी झाले असेल, तर कोणत्याही पार्सलची वाट पाहू नका. त्यावर स्टेरॉइडचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू करावे लागतात, आणि अशा कंपन्यांचा पहिला कोर्सच महिन्याचा असतो. शिट्टी एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, तरीही आधी तज्ज्ञांकडून तपासून घ्या.