वेळेनुसार क्रमाने लागणारे आयडी, पण मधे एकच सर्व्हर नको: स्नोफ्लेक घ्यायचं की UUIDv7?

ऑर्डर टेबलचा आयडी डेटाबेसच्या ऑटो-इन्क्रिमेंटवरून काढून ॲप सर्व्हरमधेच बनवायचा असं ठरलं की खरे पर्याय दोनच उरतात. `UUIDv4` मी आधीच बाजूला ठेवतो, कारण तो पूर्ण रँडम असतो, त्यामुळे प्रत्येक नवीन रो इंडेक्सच्या भलत्याच पानावर जाऊन पडते आणि टेबल मेमरीत मावेनासं झालं की इन्सर्ट हळू होत जातात.

पहिला स्नोफ्लेक, ट्विटरने २०१० मधे आणलेला. ६४ बिटचा एक आकडा, त्यात वरचा बिट रिकामा, मग ४१ बिट मिलिसेकंद, १० बिट मशीन नंबर आणि १२ बिट त्या मिलिसेकंदातला काउंटर.

```
id = (ms - epoch) << 22 | worker << 12 | seq
```

म्हणजे एका मशीनवर मिलिसेकंदाला ४०९६ आयडी, आणि तुम्ही ठरवलेल्या सुरुवातीपासून साधारण ६९ वर्षं पुरेल एवढी वेळ. दुसरा `UUIDv7`, मे २०२४ च्या RFC 9562 मधला: १२८ बिट, पुढे ४८ बिट मिलिसेकंद आणि मागे ७४ बिट जे बहुतेक ठिकाणी रँडमच भरतात.

खरा फरक साइजचा नाहीये, दोन आयडी वेगळे असतील याची हमी कोण देतो हा आहे. `UUIDv7` मधे ते काम रँडम बिट करतात. स्नोफ्लेकमधे ती हमी मशीन नंबर देतो, म्हणजे तो कोणीतरी वाटावा लागतो. एकमेकांना विचारायचं काम संपत नाही, ते फक्त दर आयडीऐवजी प्रोसेस सुरू होताना एकदा होतं. आणि लोक नेमके इथेच चुकतात, पॉडच्या नावाचा हॅश घेतात, त्याला १०२४ ने भागून बाकी घेतात आणि झालं म्हणतात. ४० पॉड असतील तर कुठल्यातरी दोघांना सारखा नंबर मिळायची शक्यता निम्म्याहून जास्त आहे (करून बघा, वाढदिवसाचंच गणित आहे). मग रोज काही होत नाही, आणि सेलच्या दिवशी अचानक प्रायमरी कीचे डुप्लिकेट एरर यायला लागतात. एरर आलेले सगळे आयडी `>> 12 & 1023` करून बघा, तेच एकदोन मशीन नंबर सारखे दिसले तर कारण हेच. स्टेटफुलसेट असेल तर पॉडच्या नावातला शेवटचा आकडा वापरा, नाहीतर etcd मधून लीजवर नंबर घ्या.

घड्याळाचंही तसंच. एनटीपीने वेळ मागे ओढली तर स्नोफ्लेकने आयडी द्यायला नकार द्यायचा असतो, वेळ परत पुढे येईपर्यंत. पण त्याच वेळी प्रोसेस रीस्टार्ट झाली तर शेवटची वेळ मेमरीतून गेलेली असते आणि जुनेच आयडी परत निघू शकतात, म्हणून ती वेळ बाहेर कुठेतरी लिहून ठेवावी लागते. `UUIDv7` मधे घड्याळ मागे गेलं तर फक्त क्रम बिघडतो, आयडी वेगळेच राहतात.

स्नोफ्लेकचा अजून एक बग सांगतो कारण तो टेस्टिंगमधे सापडतच नाही. जावास्क्रिप्ट आकडे २^५३ पर्यंतच अचूक धरते, आणि आपली सुरुवातीची तारीख लाँचच्या आसपास ठेवली तर आयडी जेमतेम २५ दिवसांत त्याच्या वर जातो. तरी काही बिघडत नाही, कारण ट्रॅफिक कमी असताना काउंटर शून्यच असतो, खालचे १२ बिट शून्य, आणि असा आकडा बरोब्बर साठवला जातो. लोड वाढून काउंटर १ वर गेला की ब्राउझरमधे आयडी एकाने बदलतो आणि ग्राहकाला "ऑर्डर सापडली नाही" दिसतं. एपीआयमधून आयडी पहिल्या दिवसापासून स्ट्रिंग म्हणूनच पाठवा. याच शून्यांमुळे `id % 16` करून शार्डिंगही करू नका, बहुतेक सगळा माल शार्ड ० वर जातो.

मग स्नोफ्लेक घ्यायचंच का? जागेसाठी. २० कोटी रो असतील तर ८ ऐवजी १६ बाइट म्हणजे दर कॉलमला १.६ जीबी जास्त, आणि जिथे जिथे फॉरेन की आणि इंडेक्स तिथे तिथे परत तेवढंच. शिवाय आधीचे सगळे कॉलम `bigint` असतील तर मायग्रेशन वाचतं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. क्रम अंदाजेच असतो, मशीनची घड्याळं काही मिलिसेकंद मागेपुढे असतातच. त्यामुळे "शेवटच्या आयडीच्या पुढचं सगळं आण" असा सिंक जॉब लिहू नका, लहान आयडीचं ट्रान्झॅक्शन उशिरा कमिट झालं तर ती रो कायमची सुटते. थोडं मागे जाऊन, समजा शेवटची पाच मिनिटं परत वाचून, आधीच आलेल्या रो गाळा, आणि पाच मिनिटांपेक्षा लांब ट्रान्झॅक्शन चालत असेल तर तेही पुरणार नाही.

माझं मत: पॉड सारखे येतजात असतील आणि टेबल नवीन असेल तर `UUIDv7`, पोस्टग्रेस १८ मधे तर `uuidv7()` आतच मिळतं. स्नोफ्लेक तेव्हाच, जेव्हा `bigint` सोडणं शक्य नाही आणि मशीन नंबर कोण वाटणार याचं उत्तर आज तुमच्याकडे आहे.